ओला केस ताणला जातो, पण परत येतो का?

"केस रंगवल्यावर ओले असताना रबरासारखे लांबत असतील तर घाबरू नका, केस मऊ आणि लवचिक झाल्याची ती खूण आहे. चिकट लागत असतील तर तो बोअरच्या पाण्याचा दोष. एक केराटिन किंवा स्मूदनिंग करून घ्या, सगळे जागेवर येते."

निरोगी केसही ओला असताना ताणला जातो, आणि म्हणूनच हा समज सहज पटतो. पण लवचिकपणाची कसोटी ताणण्यात नाही, परत येण्यात आहे. विंचरताना गळलेला एक केस भिजवून दोन्ही टोकांना हलकेच ओढावा. चांगला केस 10 सेंटीमीटरचा साधारण 13 पर्यंत जातो, त्या वेळी बोटांना विरोध जाणवतो आणि सोडल्यावर तो पूर्वीच्या लांबीला येतो. बिघडलेला केस काहीच जोर न लावता लांबत जातो, जास्त शिजलेल्या शेवयांसारखा लिबलिबीत लागतो आणि सोडल्यावर तसाच लांब राहतो, वेडावाकडा आखडतो किंवा तुटतो.

याचे कारण केसाच्या आत आहे. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणारे दोन प्रकारचे बंध येथे महत्त्वाचे आहेत. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. ओल्या केसांना रोलर लावून दिलेला आकार वाळल्यावर टिकतो तो यामुळेच. गंधकाचे बंध, म्हणजे डायसल्फाइड बंध, मात्र पाण्याने सुटत नाहीत, त्यामुळे ओल्या केसाची ताकद मुख्यतः त्यांच्यावर उभी असते. काळ्या केसांवर राखाडी किंवा सोनेरी छटा उठण्यासाठी आधी ब्लीच लागते, आणि त्यातील पेरॉक्साइड व परसल्फेट केसाचा नैसर्गिक रंग नष्ट करता करता हे गंधकाचे बंधही तोडतात. वाळलेल्या केसात हायड्रोजन बंध पुन्हा जुळलेले असल्याने तो आरशात बरा दिसतो. खरी स्थिती न्हाताना हाताला कळते. पांढरे केस झाकण्यासाठी लावलेल्या गडद रंगाने ही अवस्था क्वचितच येते, कारण तेथे केस फारसा उजळावा लागत नाही.

पाण्याविषयीचे म्हणणे थोडक्यात तपासता येते. वाघोलीसारख्या भागात सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी वापरावे लागते, आणि त्यातील कॅल्शियम ब्लीच केलेल्या केसांना अधिक चिकटते, हे खरे आहे. पण त्याने केस राठ, निस्तेज आणि गुंतणारे होतात, ताणून लांब होत नाहीत. शिवाय पाणी सगळ्या केसांना सारखेच लागते, तर बिघाड ठरावीक पट्ट्यात असतो. कोथरूडमधील माझ्या भाचीने जूनमध्ये केस ब्लीच करून राखाडी-तपकिरी छटा करून घेतली. नोव्हेंबरमध्ये मुळांशी काळे दिसू लागले, तेव्हा पार्लरमध्ये फक्त मुळांऐवजी 30 व्हॉल्यूम, म्हणजे 9 टक्के पेरॉक्साइडचे ब्लीच थेट टोकांपर्यंत लावले गेले. महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढ धरली तर मधल्या पाच महिन्यांत सुमारे सहा सेंटीमीटर नवे केस आले होते. पुढच्या न्हाण्यात मुळापासून तेवढे केस शाबूत लागले आणि त्याखालचे, दोनदा ब्लीच झालेले केस गिळगिळीत होऊन कंगव्यात लांबू लागले. नळाच्या पाण्याने अशी सीमारेषा आखली जात नाही.

या दाव्यातील सर्वांत घातक भाग स्मूदनिंगचा आहे. त्या क्रीममधील थायोग्लायकोलेट उरलेसुरले गंधकाचे बंधच मुद्दाम तोडते, मग केस तापलेल्या प्रेसखाली सरळ केले जातात आणि न्यूट्रलायझरने बंध पुन्हा जोडले जातात. जेथे जोडायलाच फारसे काही उरलेले नाही, तेथे केस पार्लरच्या खुर्चीतच तुटून हातात येऊ शकतात. केराटिन ट्रीटमेंट आणि प्रथिनांचे मास्क केसाला लेप देतात, त्याने काही धुण्यांपुरता गुळगुळीतपणा व आधार मिळतो. पण गंधकाचा बंध ज्यात असतो त्या सिस्टीनचे ब्लीचने एकदा सिस्टेइक आम्ल झाले की तो बंध कोणताही मास्क परत आणत नाही.

त्यामुळे ओला केस ताणून परत येत नसेल, तर त्या लांबीवर पुन्हा ब्लीच, स्मूदनिंग किंवा प्रेस करू नये. ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालू नये, घट्ट आंबाडा बांधू नये; कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जावे. धुण्याआधी खोबरेल तेल लावल्यास केस कमी फुगतात आणि प्रथिनांची झीज कमी होते. बिघडलेला भाग टप्प्याटप्प्याने कापावा लागतो, आणि पुढच्या टचअपच्या वेळी ब्लीच फक्त नव्या काळ्या मुळांवर लावायला, जुन्या रेषेखाली उतरू न द्यायला सांगावे.