महागाई कुठे धरायची आणि कुठे विसरायची

प्रोजेक्ट पास करायचाय की पाडायचाय हे आधी साहेबांना विचारून घ्या, गणित नंतर सावकाश करता येतं.

समजा भोसरीतल्या तुमच्या वर्कशॉपला नवीन कॉम्प्रेसर घ्यायचाय. किंमत 13 लाख, लाईटबिलात आजच्या भावाने वर्षाला 2 लाख वाचणार, आयुष्य 10 वर्षं, टॅक्स सध्या बाजूला ठेवा. मालकांना पैशावर 12 टक्के हवेत, कारण बँक तेवढं व्याज लावते, आणि बँक काय खुळी नाही, पुढची महागाई तिने त्या 12 मध्ये आधीच धरलेली असते. महागाई धरू 6 टक्के.

पाडायचाय? मग बचत दहाही वर्षं 2 लाखच ठेवा, जणू 2035 ला पण युनिट आजच्याच भावात मिळणार आहे, आणि खाली डिस्काउंट मात्र 12 ने करा. बचतीची आजची किंमत येते 11.30 लाख, म्हणजे 1.70 लाखाचा तोटा. फाईल बंद, वर ‘आम्ही कन्झर्व्हेटिव्ह आहोत’ म्हणून कॉलर ताठ.

पास करायचाय? मग उलटं करा. बचत दरवर्षी 6 टक्क्यांनी फुगवा, पहिल्या वर्षी 2.12 लाख वगैरे, आणि रेटमधून महागाई काढून टाका, 1.12 भागिले 1.06, म्हणजे 5.66 टक्के. आता बचत 20.36 लाख आणि फायदा 7.36 लाख, पेढे मागवा.

काही सरळमार्गी लोक असतात ते दोन्हीकडे महागाई धरतात नाहीतर दोन्हीकडून काढतात. पहिलंच वर्ष बघा ना, 2.12 ला 1.12 ने भागा किंवा 2 ला 1.0566 ने, येतात 1.893 लाखच. दहा वर्षांचे 14.96 लाख, फायदा 1.96 लाख, कुठल्याही रस्त्याने गेलात तरी. इतकं कंटाळवाणं उत्तर घेऊन मीटिंगमध्ये काय बोलणार?

आणि हो, टॅक्स धरायची वेळ आली की घसाऱ्याला अजिबात हात लावू नका. घसारा मूळ खरेदी किमतीवर निघतो, महागाई वाढली म्हणून त्याचे रुपये वाढत नाहीत, त्यामुळे आजच्या भावाच्या शीटमध्ये त्याची टॅक्सबचत दरवर्षी 1.06 ने भागून बारीक करत न्यावी लागते. एवढा उपद्व्याप कोण करतो? 5.66 लावून मोकळं व्हा, प्रोजेक्ट आपोआप गुटगुटीत दिसतो.

एक पथ्य मात्र पाळा. कॉलमवर ‘आजच्या भावाने’ की ‘त्या त्या वर्षीच्या भावाने’ हे चुकूनही लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं, साहेबांनी बाकी काही न वाचता तेवढीच ओळ डिलीट करून शीट पुढे पाठवली.