‘म्हणजे नक्की काय करतेस?’

व्हिजिटिंग कार्डावर ‘हेड ऑफ एव्हरीथिंग’ छापलंय आणि त्यापायी मी अक्षरशः वैतागले आहे. परवा गृहकर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, कंपनी तुमचीच का?” नाही हो, मी पगारदार आहे! मालक समजले की दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, नोकरदार म्हटलं की पगाराच्या स्लिपा. एका पदनामापायी माझी फाइल आठवडाभर चुकीच्या टेबलावर पडून राहिली.

आमच्या बावीस जणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर आणि विक्री सोडून उरलेलं सगळं माझ्याकडे आहे. सात तारखेच्या आत टीडीएस भरायचा, पंधरापर्यंत पीएफ, वीसपर्यंत जीएसटीचं रिटर्न. एक तारीख चुकली की व्याज किंवा लेट फी बसते आणि जाब मलाच विचारतात. भरती, ऑफिसचा भाडेकरार, चिडलेल्या ग्राहकाचा फोन, हेही माझंच. पण पन्नास हजारांवरचं पेमेंट फाउंडरच्या सहीशिवाय मी करू शकत नाही. ‘एव्हरीथिंग’मध्ये ही मर्यादा कुठे दिसते?

शेवटी एचआरचं पत्र मीच टाइप केलं, फाउंडरची सही घेतली: ‘ऑपरेशन्स मॅनेजर, हाताखाली तीन माणसं, वेतन, कर भरणा व भरतीची जबाबदारी.’ साहेबांनी वाचलं आणि लगेच म्हणाले, “मग हेच आधी सांगायचं ना!”

अहो, कार्ड मी छापलं नाही!