रात्री सलाईन का लावलं नाही

★★ मुलगा ७ वर्षांचा. वर्षात पाचव्यांदा हेच. तासाला पाच-सहा उलट्या, दीड दिवस चालतं, मग महिना-दोन महिने ठणठणीत. रविवारी रात्री ९ला नेलं तर गोळी देऊन घरी पाठवलं. सकाळी ६ला तिथेच सलाईन लावलं. मग रात्रीच का नाही? फी दोनदा घेतली. सासूबाई दृष्टीचं बोलल्या तर डॉक्टर हसले. रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी म्हणे आजाराला नाव आहे.

ताई, त्या रात्री तुमचे हाल झाले याबद्दल मनापासून माफी मागतो. मुलाचे तपशील इथे मांडणं मला शोभणार नाही, पण वेळेचं तुम्हीच लिहिलं आहे, त्यामुळे तेवढं बोलतो.

रात्री ९ला त्याची जीभ ओली होती, अर्ध्या तासापूर्वी लघवी झाली होती, बोटातून तपासलेली साखर ९२ होती. अशा मुलाला सुई टोचून काय साधलं असतं? बिल वाढलं असतं, एवढंच. पंधरा वर्षं दवाखाना चालवतोय. ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं किती महाग पडतं, ते मला माहीत आहे, आणि आता इथे दोन तारेही पडलेत.

उलटी थांबवणारी, जिभेवर विरघळणारी गोळी दिली. सायक्लिक व्हॉमिटिंग, म्हणजे ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा उलट्यांचे झटके येणाऱ्या मुलाला झटक्याच्या सुरुवातीलाच ती मिळाली तर तिचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. खोलीत अंधार करा, टीव्ही-मोबाईल बंद, आवाज नको, झोप लागली तर उठवू नका, असं सांगितलं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काही देऊ नका, मग ओआरएस पाच मिनिटांनी एक चमचा. चमचाच. तहानेनं रडणाऱ्या लेकराला १ वाजता ग्लासभर सरबत दिलंत. आईचं मन आहे, मी समजू शकतो. पण अशा वेळी पोटात एकदम ग्लासभर गेलं की बहुतेक वेळा ते सगळं बाहेर येतं, आणि आधी टिकलेलंही सोबत नेतं.

सकाळी आला तेव्हा चित्र वेगळं होतं. साडेनऊ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मरगळलेला, साखर ५८, लघवीत कीटोन भरपूर. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि कीटोनमुळे मळमळ आणखी वाढते. हे चक्र घरी चमच्यानं तुटत नाही, म्हणून शिरेतून ग्लुकोज घातलेलं सलाईन लागतं. नुसत्या मिठाच्या पाण्यानं भागत नाही. दुपारी त्यानं वरणभात मागितला, हेही तुम्ही लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण चूक माझीही आहे. मागच्या चारपैकी दोन वेळा त्याला सलाईन लागलं होतं, हे मी त्या रात्री विचारलं नाही. विचारलं असतं तर चार तास इथेच ठेवून पाहिलं असतं. आणि ‘आठ तास लघवी नाही किंवा दोन तास चमचाही टिकत नाही, तर लगेच या’ हे तोंडी सांगितलं, कागदावर दिलं नाही. बाहेर तीन मुलं थांबली होती, हे काही कारण नव्हे.

सासूबाईंना हसलो नाही हो! मला आनंद झाला होता. दर समारंभानंतर दृष्ट लागते म्हणाल्या, तेव्हाच मला दुवा सापडला. लग्न, गॅदरिंग, गावचे गणपती: प्रत्येक वेळी अतिउत्साह, जागरण, जेवणाला उशीर, गाडीचा लांब प्रवास. सर्दी-तापानंही हे सुरू होतं. आजार अर्धशिशीच्या कुळातला आहे, म्हणूनच घरात कुणाचं डोकं दुखतं का विचारलं होतं. झटके एकाच साच्याचे आणि मधल्या दिवसांत मूल अगदी निरोगी, हीच सायक्लिक व्हॉमिटिंगची ओळख. एका तपासणीत तो दिसत नाही. सोनोग्राफी केली ती मूत्रपिंडाला सूज किंवा पोटात दुसरं काही नाही ना, हे पाहायला. ती नॉर्मल आली म्हणून पैसे वाया गेले नाहीत.

एक कळकळीनं सांगतो. ‘हे नेहमीचंच’ म्हणून घरी थांबू नका, जर उलटी हिरवी झाली, रक्त आलं, पोट एकाच जागी सतत दुखलं, डोकं फार दुखलं, चालताना तोल गेला किंवा मूल गुंगीत गेलं. तेव्हा लघवीचे तास मोजायचे नाहीत.

वर्षात पाच झटके म्हणजे रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करायला हवा. त्यातल्या एका औषधाआधी ईसीजी काढावा लागतो, म्हणून ते फोनवर सांगत नाही. झटक्यांच्या तारखा आणि आदल्या दोन दिवसांत काय घडलं, ते वहीत लिहून आणा. सूचनांची चिठ्ठी छापायला टाकली आहे, रात्रीच्या फोनचंही काहीतरी बघतो. रविवारची फी काउंटरवरून परत घ्या, सांगून ठेवलं आहे.