नऊ खिशांचा माणूस

माझी तीन मिनिटं एका अनोळखी माणसाच्या पँटीत गेली आणि ती मला परत हवी आहेत.

परीक्षा पीएमपीची, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची. 180 प्रश्न, 230 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे साधारण 77 सेकंद. 60 प्रश्नांनंतर दहा मिनिटांचा ब्रेक, 120 नंतर आणखी एक. ब्रेकमध्ये परीक्षेचं घड्याळ थांबतं, त्यामुळे ब्रेक न घेता शूरपणा केला तरी एक सेकंद वाचत नाही. दर प्रश्नाला घड्याळाकडे बघत बसलं तर प्रश्न राहतो आणि घड्याळच पाठ होतं, म्हणून पुसता येणाऱ्या पाटीवर मी दोनच आकडे लिहिले होते. पहिल्या ब्रेकला जाताना 153 मिनिटं उरलेली हवीत, दुसऱ्याला 77.

साठावा प्रश्न संपला तेव्हा 161 उरली होती. हातात आठ मिनिटं, फ्लॅग केलेले प्रश्न सहा. दोन पर्यायांत अडलोय, पुन्हा वाचलं तर निकाल लागेल, अशांनाच मी फ्लॅग लावतो. ज्याचं ओ की ठो कळलं नाही, तो प्रश्न तासाभरानेही तेवढाच अनोळखी असतो. चुकलं तर गुण कापत नाहीत, तेव्हा एक पर्याय निवडायचा आणि पुढे सरकायचं. फ्लॅगवाल्यालाही आधी काहीतरी उत्तर देऊन ठेवायचं. आणि हे सगळं ब्रेकच्या आधी उरकायचं, कारण ब्रेकवर गेलं की मागचे साठ प्रश्न कायमचे कुलूपबंद! मी सहाही तपासले, दोन उत्तरं बदलली आणि बरोबर 153 वर उठलो. इतकं आखीव आयुष्य मी एरवी जगत नाही.

पाणी, स्वच्छतागृह, मान डावीकडे-उजवीकडे. सहाव्या मिनिटाला मी दाराशी हजर. आत जाण्याआधीची झडती याच दहा मिनिटांत बसते, हे मला ठाऊक होतं. माझ्यापुढे तो असेल, हे ठाऊक नव्हतं.

त्याने खिशांची पँट घातली होती. म्हणजे खिसे होते आणि त्यांना जोडायला थोडी पँट होती.

“खिसे उलटे करा,” मॅडम म्हणाल्या.

त्याने पहिला खिसा उलटा केला. मग दुसरा. मग गुडघ्याजवळची चेन उघडली.

“हा कशासाठी?” मॅडमनी विचारलं.

“असाच आहे. वापरत नाही.”

“मग आत काय आहे?”

“बघावं लागेल.”

आत आणखी एक खिसा होता. खिशाच्या पोटात खिसा! मॅडमनी तोही उलटा करायला लावला. मी घसा खाकरला. तो वळून अगदी आपुलकीने म्हणाला, “घाई आहे का तुम्हाला?”

“माझी दहा मिनिटं संपत आलीत.”

“मला तसं काही नाही,” तो म्हणाला. “माझी परीक्षा वेगळी आहे. कधीही उठा, घड्याळ चालूच असतं. मग बाहेर काय नि आत काय, वेळ जायचा तो जाणारच.”

अशा परीक्षा असतात, ब्रेक आपला पण वेळही आपलाच. पण त्यातून एवढी मनःशांती मिळवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सातव्या खिशाची चेन अडकली होती, ती ओढता ओढता त्याने मला स्वतःची पद्धतही सांगितली. “मी सगळेच प्रश्न फ्लॅग करतो. एकालाही वाईट वाटायला नको.”

“मग शेवटी बघता कधी?”

“वेळ उरला तर.”

नववा खिसा झाला, बाह्या झाल्या, चष्मा झाला. चष्म्याची काडी मॅडमनी उजेडात धरून पाहिली. त्यात काय दिसणार होतं? मग माझी पाळी. मला दोनच खिसे, दोन्ही रिकामे, तरी वहीत वेळ लिहून सही करावीच लागली. खुर्चीत बसलो तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. ब्रेकवरची जादा मिनिटं थेट परीक्षेतून कापतात. पडद्यावर 150.

आता खरा अपमान ऐका. 120 प्रश्नांना 153 मिनिटं म्हणजे प्रश्नामागे साडेशहात्तर सेकंद, 150 मिनिटं म्हणजे पंचाहत्तर. तोटा किती? दीड सेकंद! तक्रार करावी एवढंही नुकसान त्या माणसाने माझं केलं नाही. मी पाटीवरची 77 मिनिटं पुसून 75 लिहिली आणि पुढचा प्रश्न वाचला. काही कळलं नाही. मनात चेन अडकली होती. तो प्रश्न दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा वाचला आणि त्या एकट्याने अडीच मिनिटं खाल्ली. दीड सेकंदाचं गणित कागदावर छान दिसतं. चिडलेल्या डोक्याचा हिशोब त्यात कोणी धरत नाही.

दुसऱ्या ब्रेकला मी फक्त पाणी प्यायलो आणि चौथ्या मिनिटाला दाराशी उभा राहिलो. पुढे कुणीही नव्हतं. मॅडमही नव्हत्या. त्या ब्रेकवर गेल्या होत्या आणि त्यांचं घड्याळ कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हतं.