पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे कशावरून?

“लहानपणी अमॉक्सिसिलिनने जुलाब झाले आणि अंगावर पुरळही आले, म्हणजे पेनिसिलिनची ॲलर्जी आहेच. ती जन्मभर जात नाही. मग चाचणीची जोखीम कशाला? दुसरी औषधे आहेतच की.”

यातील जुलाबांचा ॲलर्जीशी संबंध नाही. पेनिसिलिन गटातले हे औषध आतड्यांतील नेहमीच्या जिवाणूंनाही मारते आणि त्यामुळे पोट बिघडते, एवढेच.

पुरळाचे मात्र तसे नाही. तेथे ते केव्हा आले आणि कसे दिसत होते, हे विचारावे लागते. तात्काळ उद्भवणाऱ्या, जिवावर बेतू शकणाऱ्या ॲलर्जीत बहुधा गोळी घेतल्यापासून तासाभरात खाजऱ्या गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, दम लागतो. एखाद्या गांधीभोवती पेनने रेघ मारून ठेवली, तर ती गांध साधारणपणे दिवसभरात तेथून नाहीशी होते आणि दुसरीकडे नवी उठते. याउलट चौथ्या-पाचव्या दिवशी पोटापाठीवर उमटलेले लालसर ठिपके अनेक दिवस जागचे हलत नाहीत. मुलांमध्ये असे पुरळ अनेकदा औषधाचे नसून ज्या विषाणूमुळे ताप आला त्याचेच असते, पण दोष गोळीच्या माथी बसतो.

खरी, त्वचाचाचणीने सिद्ध झालेली तात्काळ ॲलर्जीही कायम टिकतेच असे नाही: औषध टाळत राहिल्यास दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ती मावळते.

आता चाचणीकडे वळू. समजा, चौतीस वर्षांच्या एका बाईंना सहाव्या वर्षी पाचव्या दिवशी ठिपके आले होते, सूज नव्हती आणि उपचारही लागले नव्हते. ‘पेन-फास्ट’ नावाच्या गुणपद्धतीत गेल्या पाच वर्षांतील प्रतिक्रियेला २, तीव्र प्रतिक्रियेला किंवा सुजेला २ आणि उपचार लागल्यास १ गुण असतो. बाईंचे गुण शून्य भरतात. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे जोखीम कमी, म्हणून बहुधा सुई न टोचता थेट अमॉक्सिसिलिनचा एक डोस देऊन किमान तासभर देखरेख करता येते. हे काम दवाखान्यात, ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाताशी ठेवूनच व्हावे. घरी आपल्या मनाने गोळी घेऊन पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. तात्काळ ॲलर्जीचा संशय दाट असेल, तर आधी त्वचाचाचणी करतात. ज्यांची कातडी फोड येऊन सोलली गेली होती, तोंडात व डोळ्यांत व्रण झाले होते किंवा यकृत-मूत्रपिंडाला इजा झाली होती, त्यांना मात्र पुन्हा डोस देऊन पाहूच नये.

दुसरी औषधे आहेत हे खरे, पण ती तोडीस तोड असतातच असे नाही. शस्त्रक्रियेआधी ॲलर्जीच्या नोंदीमुळे सेफाझोलिन या पेनिसिलिनशी नाते असलेल्या प्रतिजैविकाऐवजी क्लिंडामायसिन दिल्यास जखमेत संसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल जिवाणूमुळे होणाऱ्या आतड्याच्या दाहाचा धोकाही वाढतो. म्हणून बाईंना डोस सोसला, तर जुन्या कागदपत्रांतील ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ ही नोंद प्रत्येक ठिकाणी खोडून घ्यावी लागेल. एका फाइलीत जरी ती राहिली, तरी पुढच्या शस्त्रक्रियेत पुन्हा क्लिंडामायसिनच मिळायचे.