आवक, जावक आणि 'हाय मामा'

आमचे सासरे, म्हणजे नाना, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कचेरी सुटली, मसुदा सुटला नाही. दूधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीतसुद्धा 'उद्यापासून अर्धा लिटर दूध कमी करण्यात यावे' असतं. तोवर ठीक होतं, कारण दूधवाला चिठ्ठी वाचत नाही, नुसता आकडा बघतो. पण मुलाने हातात मोबाईल दिला आणि नानांचं जावक थेट नातेवाइकांकडे सुरू झालं.

बंगळुरूच्या भाचीने एका सकाळी लिहिलं, "हाय मामा! कसा आहेस?" नानांनी चष्मा लावून, एका बोटाने, चहा गार होईपर्यंत उत्तर टंकलं:

"चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद. आपला आजचा संदेश प्राप्त झाला. माझी प्रकृती समाधानकारक असून औषधोपचार नियमितपणे चालू आहेत. आपणही सर्व कुशल असाल अशी अपेक्षा आहे. कळावे."

पाचच मिनिटांत मला फोन. "वहिनी, मामा चिडलाय का माझ्यावर? आणि औषधोपचार कसले? मला कुणी सांगितलं का नाही?" औषधोपचार म्हणजे बीपीची तीच ती गोळी, जी नाना माझ्या लग्नाच्याही आधीपासून घेतायत. तिची समजूत काढली, आणि त्या दिवसापासून नानांचं जावक माझ्या सहीशिवाय बाहेर जायचं नाही असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं.

भाचीला तेच उत्तर नव्याने लिहायला घेतलं, पण नाना सहजासहजी ऐकणारे नव्हेत. मी 'संदेश प्राप्त झाला' खोडलं, तर म्हणाले, "पोच द्यायला नको? पोच गेली नाही तर स्मरणपत्र येतं." मी त्यांना दोन निळ्या खुणा दाखवल्या. पोच आपोआप जाते म्हटल्यावर त्यांना बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. एक टेबल कमी झालं ना!

मग 'असून'. 'प्रकृती समाधानकारक असून औषधोपचार चालू आहेत'. कागदावर हा 'असून' दोन वाक्यं बिनबोभाट जोडतो, पण दारात आलेल्या माणसाला कुणी "मी बरा असून चहा घेणार आहे" असं सांगत नाही. बोलताना आपण तोडतो. बरा आहे. चहा घेतोय. ये ना. जिथे 'असून' दिसेल तिथे पूर्णविराम द्यायचा, एवढ्यानेच निम्मा ताठपणा जातो.

खरा घोळ 'आपण'चा होता. भाची मामाला 'अरे' म्हणते, जन्मल्यापासून. तिला मामाकडून 'आपण' आलं की तिच्या पोटात गोळा येणारच. आपल्याकडे 'तू'वरून 'आपण'वर माणूस दोनच वेळा जातो: भांडण झाल्यावर, नाहीतर "या, आज आपण इकडे कसे वाट चुकलात?" असा टोमणा मारताना. नानांच्या मनात दोन्ही नव्हतं. त्यांना नुसतं 'लेखी' वागायचं होतं.

'चालले आहे'चं 'चाललंय' केलं तेव्हा मात्र युद्धच पेटलं. नानांनी 1962 चे शुद्धलेखनाचे नियम काढले. हे अशुद्ध आहे म्हणाले. मी म्हटलं, नाना, पूर्ण वाचा. केले, म्हटले ही रूपं लिखाणासाठी सांगितली आहेत. पण कुणाच्या तोंडचं बोलणं लिहायचं असेल तर केलं, म्हटलं चालतं असं त्यातच आहे. आणि भाचीला उत्तर म्हणजे तुमच्या तोंडचं बोलणंच. नानांनी नियम पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि "हरकत नाही" असा शेरा दिला.

एवढं सगळं काढून टाकल्यावर उरलं ते हे: "मी मजेत आहे. तू कशी आहेस?"

नाना म्हणाले, "यात काही नाहीच." खरं होतं. ताठपणा गेला होता, पण माणूसही गेला होता. असं उत्तर बँकेतला शिपाईसुद्धा देईल. मी विचारलं, आत्ता या क्षणी तुम्ही काय करताय? नाना गच्चीत काठी घेऊन बसले होते. समोर साडीवर कुरडया वाळत होत्या आणि कठड्यावर कावळे. हीच भाची लहानपणी सुट्टीला आली की अर्ध्या वाळलेल्या कुरडया फ्रॉकच्या खिशात भरून पळायची, हे सासूबाईंनी आठवण करून दिलं. मग मसुदा असा झाला:

"अगं, मजेत! आत्ता गच्चीत कुरडयांची राखण करतोय, डोक्यावर पंचा, हातात काठी. कावळे परवडले, पूर्वी तू असायचीस. तुझं काय चाललंय? नवीन घर मिळालं का?"

'सर्व कुशल असाल अशी अपेक्षा आहे' याला समोरचा काय उत्तर देणार? अपेक्षा तुमची, तुम्ही ठेवा. 'घर मिळालं का' म्हटलं की तिला बोलायला जागा होते. आणि असा नेमका प्रश्न एकच. नानांना नोकरी, पगार, वजन आणि लग्नाचा विचार हेही विचारायचं होतं. ते परिशिष्टात ढकललं.

भाचीचा आवाजी निरोप आला. निम्मा हसण्याचाच होता, उरलेल्यात कुरडयांच्या पार्सलची मागणी. नानांनी तो मोठ्या आवाजात शेजाऱ्यांनाही ऐकवला.

आणि मग नाना सुटले. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात "काय नाना, जेवलात का?" विचारलं, तर ते बिचारे गवारीच्या भाजीपासून दाताच्या कवळीपर्यंत ऐकत पिशव्या धरून उभे राहिले. गावाकडच्या चुलतभावाने 'राम राम' लिहिलं, त्याला कुरडयांची कथा गेली, उलट 'राम राम' मात्र राहून गेला. तो दोन दिवस फुगून होता. मला सांगावं लागलं की 'राम राम'ला आधी 'राम राम', मग बाकीचं जग. 'जेवलात का' हा प्रश्न नव्हेच, त्याला "हो, आत्ताच. तुमचं?" पुरे. समोरच्याने ओंजळभर टाकलं की आपणही ओंजळभरच द्यावं, घागर उपडी करू नये.

परवा माझ्या वडिलांचा, म्हणजे त्यांच्या व्याह्यांचा निरोप आला: "नमस्कार नाना, कसे आहात? बऱ्याच दिवसांत भेट नाही." इथे 'अहो मजेत' एवढंच चालत नाही, व्याही आहेत, मान राखायलाच हवा. नानांचा पहिला मसुदा तयारच होता: "उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सवडीनुसार भेटीचे नियोजन करण्यात येईल."

कोण करणार नियोजन? 'करण्यात येईल' म्हटलं की करणारा गायब होतो. कचेरीत तेच हवं असतं, व्याह्यांना ते "टाळतायत" असं ऐकू येतं. शेवटी हे गेलं:

"नमस्कार व्याहीबुवा! मी ठणठणीत आहे. भेट नाही हे अगदी खरं, मलाही चुकल्यासारखं होतंय. रविवारी जेवायलाच या ना दोघं. आमरस करू. वहिनींची कंबर आता कशी आहे?"

मान 'नमस्कार'मध्ये, 'या ना'मध्ये आणि 'वहिनीं'मध्ये आहे. त्यासाठी 'आपण' लागलं नाही. नानांनीही वाचून मान डोलावली आणि पाठवलं.

थोड्या वेळाने माझ्या वडिलांचं उत्तर आलं. ते निवृत्त मुख्याध्यापक.

"आपले स्नेहपूर्ण निमंत्रण वाचून अत्यानंद जाहला. रविवारी उभयता उपस्थित राहण्याचे योजिले आहे. सौ.च्या प्रकृतीस उतार पडत आहे. कळावे, लोभ असावा."

नानांनी ते दोनदा वाचलं, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघ. याला म्हणतात उत्तर."

मी माहेरी वहिनीला फोन लावलाय.