जुनी केस, अमेरिकेचा व्हिसा आणि 'सरळ नो करा' म्हणणारे

"अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा काढताय? जुनी पोलीस केस असेल तर घाबरू नका. १) केस मिटली असेल किंवा दहा वर्षं होऊन गेली असतील तर अटकेच्या प्रश्नाला सरळ 'नो' करा, त्यांना काही कळत नाही. २) 'येस' केलं की कायमचा बॅन. ३) पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन क्लिअर म्हणजे रेकॉर्ड क्लीन. ४) नुसता दंड भरला असेल तर ती शिक्षा धरत नाहीत. ५) तरी भीती वाटत असेल तर वेव्हर आधीच काढून ठेवा, आमच्याकडे काम होतं. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज माझ्या मावशीने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "काकांचं असंच करू या ना?" मावसबहीण न्यू जर्सीत आहे, बाळंतपण जवळ आलंय, दोघांना जायचंय. काकांची केस गावात सगळ्यांना माहीत आहे. २००९ साली बांधावरून भावकीत जुंपली. भादंविचं कलम ४४७, ३२३ आणि ५०४, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसणं, किरकोळ मारहाण आणि शिवीगाळ. एक रात्र पोलीस ठाण्यात, सकाळी जामीन. पुढे २०११ मध्ये लोकअदालतीत आपसांत मिटलं. आता त्या मेसेजप्रमाणे 'नो' केलं तर काय होतं ते बघू. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला तोच आहे, बाकीचे त्यामानाने गरीब.

व्हिसासाठी भरायच्या DS-160 फॉर्ममध्ये प्रश्न असा आहे: कोणत्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधीही अटक झाली आहे का किंवा तुम्ही दोषी ठरला आहात का, नंतर माफी वगैरे मिळाली असली तरीही? 'कधीही' आणि 'माफी मिळाली असली तरीही' हे दोन्ही प्रश्नातच लिहिलेलं आहे. म्हणजे केस मिटली, निर्दोष सुटलो, हायकोर्टाने रद्द केली, यातल्या कशानेही अटक झालीच नव्हती असं होत नाही. काकांचं उत्तर 'येस' आहे, विषय संपला.

आणि त्या 'येस'ने बिघडतं काय? अमेरिकेच्या कायद्यात नुसती अटक हे व्हिसा नाकारण्याचं कारणच नाही. तिथे बघतात ते असं: तुम्ही दोषी ठरलात का, किंवा गुन्हा स्वतः कबूल केलात का, आणि तो गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे का. चोरी, फसवणूक, खोटे कागद हे त्यात येतात. दारू पिऊन साधी हातघाई सहसा येत नाही. अमली पदार्थांचं प्रकरण वेगळं आणि फार कडक आहे, ते इथे नको. काकांच्या केसमध्ये दोषी ठरवणं कधी झालंच नाही. तिन्ही कलमं आपसांत मिटवता येण्याजोगी होती, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच धरतात. थोडक्यात, खरं सांगितलं तर त्या केसपायी काकांना अडवायला तिथे काही नाही.

खोटं सांगितलं तर मात्र दुसरं कलम लागतं: व्हिसासाठी जाणूनबुजून, निर्णयावर परिणाम होईल अशी खोटी माहिती देणं. त्याला मुदत नाही. पाच वर्षं नाही, दहा वर्षं नाही, आयुष्यभर. मेसेजमधला 'कायमचा बॅन' खरा आहे, फक्त चुकीच्या खान्यात लिहिलाय. तो 'नो'च्या पुढे हवा.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, कारण कोणीतरी वकील येऊन सांगेलच. लपवलेली गोष्ट मुळात निरुपद्रवी असेल, तर ते खोटं 'निर्णयावर परिणाम करणारं' नव्हतं असा युक्तिवाद करता येतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या फॉरेन अफेअर्स मॅन्युअलचा नववा खंड त्यांच्या साइटवर कोणालाही वाचता येतो. कॉन्सुलेटमधला अधिकारी तोच बघून काम करतो, आणि त्यात ही कसोटी दिलेली आहे. पण खिडकीपलीकडच्या माणसापुढे दोन मिनिटांत हा युक्तिवाद कोण करणार, काका? आणि त्याला ते कलम लावायचीही गरज नाही. विश्वास उडाला की तो २१४(बी) खाली, म्हणजे तुम्ही परत येणार हे पटलं नाही म्हणून, नकार देऊन मोकळा होतो, आणि त्यावर अपील नाही.

आता खरा घात कुठे होतो ते सांगतो. मावसबहीण काही वर्षांनी तिथली नागरिक होईल आणि आईवडिलांचं ग्रीन कार्ड टाकेल. आपल्याकडे सगळे हेच करतात. त्या वेळी जुने सगळे फॉर्म समोर असतात, आणि ग्रीन कार्डसाठी पोलिसांचं क्लिअरन्स आणि कोर्टाचे कागद मागतात. तिथे काकांची केस आली आणि जुन्या DS-160 मध्ये 'नो' सापडला, तर माफीचा अर्ज करावा लागतो. तो कोणाच्या जिवावर? खोटेपणाच्या माफीसाठी अर्जदाराचा जोडीदार किंवा अर्जदाराचे आईवडील अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतात, आणि काकांना प्रवेश नाकारल्याने त्यांना अतोनात त्रास होईल हे दाखवावं लागतं. मुलगी त्या यादीत नाही. जिने बोलावलंय तिचाच त्रास धरत नाहीत! मावशीला आधी ग्रीन कार्ड मिळालं तर तिच्या नावावर प्रयत्न करता येईल, तेही वर्षानुवर्षं.

याउलट साध्या गुन्ह्याच्या माफीसाठी जे कलम आहे, त्यात मुलगा-मुलगी चालतात. शिवाय घटनेला पंधरा वर्षं होऊन गेली असतील आणि माणूस सुधारला असेल तर नातेवाईकाच्या त्रासाचा पुरावासुद्धा न देता अर्ज करता येतो. म्हणजे काकांनी खरोखर कोणाच्या घरात चोरी केली असती आणि ती सांगितली असती, तरी त्यांची वाट 'नो' लिहिणाऱ्यापेक्षा सोपी असती.

'दहा वर्षं' हे कुठून आलं याचा मला अंदाज आहे. कॅनडात शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं गेली आणि गुन्हा एकच व फार गंभीर नसेल तर माणूस सुधारला असं आपोआप धरतात. कोणीतरी कॅनडाचं अमेरिकेला चिकटवलं. आणि कॅनडातही फॉर्ममध्ये सांगावं लागतंच.

'त्यांना काही कळत नाही' यावर फार लिहीत नाही. ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की तालुक्याच्या कोर्टातली केससुद्धा मोबाइलवर दिसते. पोलीस व्हेरिफिकेशनचंही तेच. पासपोर्टसाठी मुख्यतः चालू केसेस बघतात, फॉर्म विचारतो 'कधीही'. दोन वेगळे प्रश्न.

दंडाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण तो आपल्याकडच्या कोर्टांत रोज घडतो. तारखांना कंटाळलेल्या माणसाला वकील सांगतो, "कबूल करा, पाचशे रुपये दंड भरा, मोकळे व्हा." अमेरिकेच्या व्याख्येत गुन्ह्याची कबुली आणि त्यावर कुठलीही शिक्षा म्हणजे दोषी ठरणं, आणि दंड ही शिक्षाच. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल तरी ते बहुधा त्यातच मोडतं, आपल्या प्रोबेशन कायद्याने इथे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नसली तरी. लोकअदालतीतली तडजोड आणि कबुली देऊन भरलेला दंड यांतला फरक म्हणूनच निकालपत्रात शोधा. ई-चलान भरणं म्हणजे अटक नव्हे, तेवढ्यासाठी झोप उडवू नका. नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं असेल तर तो साधारणपणे नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरत नाहीत. पण त्यात अटक झाली असेल आणि ती गेल्या पाच वर्षांतली असेल, तर त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात.

किरकोळ गुन्ह्याची सवलत म्हणून एक गोष्ट आहे, मेसेजमधल्या दंडाच्या मुद्द्यात तिचाही चुथडा झालाय. आयुष्यात नैतिक अधःपतनाचा एकच गुन्हा हवा, प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि त्या गुन्ह्याला होऊ शकणारी कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नको. गोची या शेवटच्या अटीत आहे. जुन्या भादंविच्या ३७९ खाली चोरीला कमाल तीन वर्षं होती. कॉलेजात असताना पाचशे दंडावर सुटलेला पोरगाही या सवलतीत बसेलच असं नाही.

पण सवलतीत बसला नाही म्हणजे दार बंद असंही नाही, आणि इथे वेव्हर, म्हणजे अपात्रतेची माफी, येतो. तो 'आधीच काढून ठेवता' येत नाही. क्रम असा आहे: फॉर्म भरायचा, मुलाखतीला जायचं, अधिकाऱ्याने अमुक कलमाखाली अपात्र म्हणायचं, मग त्यानेच शिफारस करायची. ती शिफारस अमेरिकेत कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या कार्यालयात जाते आणि निर्णय तिथे होतो. टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसासाठी या मार्गाला वेगळा फॉर्म नाही, वेगळी फी नाही. मग आमच्याकडे काम होतं म्हणजे नेमकं कशाचे पैसे घेता? महिनोन् महिने लागतात, हे खरं. बघतात तीन गोष्टी, १९७८ च्या ह्रांका प्रकरणापासून: या माणसाला येऊ दिलं तर समाजाला धोका किती, आधीचा गुन्हा किती गंभीर, आणि यायचं कारण काय. त्या प्रकरणात वेश्याव्यवसायावरून हाकललेल्या एका कॅनेडियन बाईला नातेवाइकांना भेटायला परवानगी मिळाली होती. कारण फार मोठं असायला हवं असंही नाही. २१४(बी)चा नकार मात्र वेव्हरने उठत नाही. परत येणार हे तुम्हालाच पटवावं लागतं.

काकांचं आम्ही असं केलं. तालुका कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाकून एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश आणि लोकअदालतीचा निवाडा यांच्या प्रमाणित प्रती काढल्या. सगळं मराठीत होतं म्हणून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. 'येस' केल्यावर खाली खुलाशाचा चौकोन उघडतो. त्यात लिहिलं: कोणत्या साली, कुठल्या ठाण्यात, कोणत्या कलमांखाली अटक, दुसऱ्या दिवशी जामीन, २०११ ला तडजोड, दोषी ठरवलेलं नाही, कागद सोबत आहेत. भावकीने कसा अन्याय केला याची कहाणी काका लिहायला निघाले होते, ती काढून टाकली. मुलाखतीत कागद ठेवून घेऊन २२१(जी)ची चिठ्ठी दिली तर तो कागदोपत्री नकारच असतो, पण शेवटचा नव्हे, तपासणी चालू आहे असा अर्थ, हेही त्यांना सांगून ठेवलंय.

फॉर्म एजंटने भरला असेल तरी सही तुमचीच असते. सहीच्या पानावर फॉर्म भरायला कोणी मदत केली का असंही विचारतात, आणि तिथेही हे एजंट 'नो' ठोकतात. ज्यांनी तसा फॉर्म आधीच पाठवलाय, त्यांनी मुलाखतीच्या आधी नवीन DS-160 भरून त्याचा कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यात बदलून घ्यावा. वेळच उरली नसेल तर खिडकीवर अधिकाऱ्याने विचारायच्या आत स्वतःहून सांगावं. वेळेवर मागे घेतलेलं खोटं तिथे खोटं धरत नाहीत, पकडल्यावर मागे घेतलेलं धरतात.